पाय टेकले पाहिजेत

काकूंनी फोन माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, "दादा, एवढा आमचा धाकटा यात उभा करून द्या."

फोटो त्यांच्या सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा होता. वाई तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याचं अंगण, खाली शहाबादी फरशी, उजव्या कडेला तुळशीवृंदावन, मधोमध खुर्चीवर आजी आणि भोवती सगळं घर. जानेवारीतलं सकाळचं साडेदहाचं लख्ख ऊन. कुणा भाच्यानं फोन हातात धरून काढलेला फोटो, पण चांगला आला होता. धाकटा मुलगा दुबईला नोकरीला. त्याला रजा मिळाली नाही. त्याचा तिकडचा एक पूर्ण उभा फोटो काकूंनी व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता. "हा कापायचा आणि इथे, जावयांच्या शेजारी चिकटवायचा. तासाभराचं काम असेल ना?"

फोटोंचा धंदा सुरू झाल्यापासून ही मागणी आहे. १८६५ साली मॅथ्यू ब्रॅडी या अमेरिकी छायाचित्रकाराच्या स्टुडिओत जनरल शर्मन आणि त्याचे सहकारी सेनाधिकारी फोटोला बसले. फ्रान्सिस ब्लेअर नावाचा जनरल त्या बैठकीला आलाच नाही. ब्रॅडीनं त्याचा वेगळा फोटो काढला आणि उजव्या टोकाला त्याला बसवून टाकला. दोन्ही आवृत्त्या आज उपलब्ध आहेत, एकीत सात जण, दुसरीत आठ. ब्रॅडीला एक गोष्ट सोपी होती. स्टुडिओतला प्रकाश मऊ, सगळीकडून येणारा. जमिनीवर कुणाची ठळक सावली पडत नव्हती. माझ्यापुढे मात्र अंगणातलं ऊन होतं आणि प्रत्येकाच्या पायाशी शाईने काढावी तशी सावली होती.

लोकांना वाटतं की अशा कामात खरी कसोटी कापण्याची. केस नीट कापले, कडेला पांढरी रेघ राहिली नाही, की झालं. मी या कामात जितकी वर्षं घालवली त्यावरून सांगतो, कापणं हा भाग सर्वांत सोपा आहे. चिकटवलेला माणूस ओळखू येतो तो कडेवरून क्वचितच. तो ओळखू येतो कारण तो जमिनीवर उभा नसतो, हवेत टांगलेला असतो. किंवा बाकीच्यांकडे कॅमेऱ्यानं जिथून पाहिलं तिथून त्याच्याकडे पाहिलेलंच नसतं. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही. तो फक्त "काहीतरी चुकलंय" एवढं म्हणतो.

धाकट्याचा पहिला फोटो असाच होता. खोलीतल्या सोबत्यानं पाच फुटांवर उभं राहून, फोन स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून, जरा खाली झुकवून काढलेला. अशा फोटोत डोकं फोनच्या जवळ असतं आणि पाय लांब. साधारण हिशोब केला तर डोकं लेन्सपासून पाच फूट आणि बूट साडेसात फूट. म्हणून डोकं मोठं दिसत होतं, पाय आखूड, आणि बुटांचा वरचा भाग आपण वरून बघतोय असा दिसत होता. अंगणातल्या फोटोत मात्र सगळ्यांच्या चपला जवळजवळ समोरून दिसत होत्या. हा माणूस कितीही सुबक कापला असता तरी तो त्या घरातला वाटला नसता. लहानमोठा करून हे दुरुस्त होत नाही, कारण लहानमोठं करताना डोकं आणि पाय एकाच प्रमाणात बदलतात. त्यांच्यातलं नातं तसंच राहतं.

म्हणून मी काकूंना म्हटलं, आधी मला अंगणातल्या फोटोला काही प्रश्न विचारू द्या. मग तुमच्या मुलाला नवा फोटो काढायला सांगू.

पहिला प्रश्न: फोन किती उंचीवर होता? भाच्याला आठवत नव्हतं, पण फरशीला ठाऊक होतं. शहाबादी फरशा दोन फुटी चौकोनी, आणि त्यांचे सांधे कॅमेऱ्यापासून लांब जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात, रेल्वेच्या रुळांसारखे. ते सांधे स्क्रीनवर पुढे ओढत नेले की सगळे एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ मारली की ती त्या फोटोची क्षितिजरेषा. ही रेघ प्रत्यक्षात दिसत नाही, वाड्याच्या भिंतीमागे लपलेली असते, पण तिच्यात एक कमाल आहे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. माणूस जवळ असो की लांब, त्याच्या अंगावर ती रेघ जिथे येते तिथपर्यंतची उंची म्हणजे लेन्सची उंची.

जावयांची उंची काकूंनी फोन करून विचारली. पाच फूट सात इंच, म्हणजे ६७ इंच. फोटोत ते पायापासून डोक्यापर्यंत १००५ पिक्सेल होते. एका इंचाला १५ पिक्सेल. त्यांच्या पायापासून क्षितिजरेषेपर्यंत ८१० पिक्सेल. ८१० भागिले १५, म्हणजे ५४ इंच. भाच्यानं फोन साडेचार फुटांवर, छातीशी धरला होता.

दुसरा प्रश्न: किती लांबून? तेही फरशीनंच सांगितलं. जावई ज्या सांध्यावर उभे होते तिथून क्षितिज ८१० पिक्सेलवर होतं. एक फरशी मागच्या सांध्यापासून ते ७१५ पिक्सेलवर होतं. हे अंतर लांबीच्या उलट प्रमाणात घटतं. दोन फूट मागे गेल्यावर ८१० चे ७१५ होतात, तर मूळ अंतर पंधरा फूट निघतं. फोन कलता असेल तर थोडी चूक राहते, पण पंधराऐवजी साडेचौदा निघाले तरी फोटोत फरक दिसत नाही. पाच आणि पंधरा यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. यथादर्शन ठरतं ते कॅमेरा किती लांब आहे यावरून. झूम करून माणूस मोठा दिसतो, पण त्याच्या डोक्याचं आणि पायाचं नातं तुम्ही जिथे उभे आहात तिथूनच ठरलेलं असतं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: त्याला उभं कुठे करायचं? काकूंनी "जावयांच्या शेजारी" म्हटलं होतं, आणि जावई उजव्या टोकाला होते. इथे सावल्या बघाव्या लागल्या. ऊन डावीकडून आणि थोडं कॅमेऱ्याच्या मागून येत होतं, म्हणून प्रत्येकाची सावली उजवीकडे आणि थोडी मागे पडली होती. धाकट्याला डाव्या टोकाला उभा केला असता तर त्याची सावली शेजारच्या काका-काकूंच्या अंगावर पडायला हवी होती. म्हणजे मला दोन जिवंत माणसांच्या कपड्यांवर, घड्याघड्यांतून खोटी सावली रंगवावी लागली असती. ते शक्य आहे, पण कुणाला सांगू नका, मला ते आजवर कधी पटेल असं जमलेलं नाही. उजवं टोक बरं, कारण तिथे त्याची सावली मोकळ्या फरशीवर पडणार होती. पण मग जावयांची सावली त्याच्या अंगावर येत होती. यावर उपाय साधा होता: त्याला जावयांच्या ओळीत न ठेवता एक फूट पुढे घेणं. मग जावयांची सावली त्याच्या पाठीमागून निघून जाते.

हे एक फूट छोटं वाटतं, पण उंचीचा सगळा हिशोब त्यावर बदलतो. कॅमेऱ्यापासून चौदा फुटांवर पायापासून क्षितिजरेषेपर्यंत ८६८ पिक्सेल होतात. ते ५४ इंच. म्हणजे एका इंचाला सोळा पिक्सेल आणि धाकटा पाच फूट दहा इंच, म्हणजे ७० इंच, तर त्याची उंची ११२५ पिक्सेल. जावयांच्याच मापानं, इंचाला १५ धरून, मी त्याला १०५० पिक्सेलचा केला असता आणि पाय मात्र एक फूट पुढे टेकवले असते, तर फोटोत तो पाच फूट पाच इंचांचा दिसला असता. काकूंनी बघताक्षणी म्हटलं असतं, "हा असा बुटका कसा दिसतोय?" नुसतं डोळ्याच्या अंदाजाने लहानमोठं करणाऱ्यांची गल्लत इथेच होते. ते शेजारच्या माणसाचं डोकं बघून मोजतात. मोजायचं पायापासून.

आता सावली. जावयांच्या पायापासून त्यांच्या डोक्याच्या सावलीपर्यंत फरशा मोजल्या: तीन फरशा उजवीकडे, दीड फरशी मागे. सहा फूट आणि तीन फूट. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की सहा फूट आठ इंचांच्या आसपास येतो. उंचीच्या सुमारे १.२ पट. म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण चाळीस अंश वर होता. धाकट्याची सावली त्याच प्रमाणात सात फूट: सव्वासहा फूट उजवीकडे आणि तीन फुटांहून किंचित जास्त मागे.

एवढं हातात आल्यावर धाकट्याला फोन केला. पोरगा उत्साही. म्हणाला, "काका, एवढं मोजमाप? मी तर सेल्फी पाठवणार होतो." त्याला सांगितलं ते असं. रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये, सपाट जमिनीवर, उन्हात उभा राहा. मागे फिकट भिंत असेल अशी जागा बघ. खडूनं पायाशी खूण कर. फोनकडे तोंड करून उभा राहिलास की तुझ्या डाव्या हाताला सव्वासहा फूट मोज, तिथून पाठीमागे तीन फूट, आणि तिथे फुली मार. तुझ्या डोक्याची सावली त्या फुलीवर येईल तेव्हा फोटो काढायचा, घड्याळ बघायचं नाही. सोबत्यानं चौदा फुटांवर उभं राहायचं, फोन साडेचार फुटांवर, झुकवायचा नाही, आणि तुला चौकटीच्या मधोमध न ठेवता उजवीकडे ठेवायचं, कारण अंगणातल्या फोटोत तू तिथेच असणार आहेस. आजीच्या फोटोत जसे सगळे सणाचे कपडे घालून आहेत तसा कुर्ता घाल.

दिशा जुळायला पार्किंगमध्ये त्यांना दोनतीनदा जागा बदलावी लागली. सूर्य काही खडूच्या फुलीसाठी वळत नाही, माणसालाच वळावं लागतं. पावणेअकराच्या सुमाराला सावली फुलीवर बसली. आणि आणखी एक फोटो मागितला होता, ज्याचं त्याला नवल वाटलं. सोबत्यानं सूर्याकडे पाठ करून, स्वतःची सावली धाकट्याच्या दिशेने पडेल असं उभं राहून, जमेल तितक्या लांबून झूम करून एक फोटो काढायचा. धाकट्यानं मात्र मूळ जागेवरून हलायचं नाही. तो फोटो कशाला, ते पुढे येईल.

कापण्याबद्दल थोडक्यात. १९९४ साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा, तेव्हापासून हे काम माणसाच्या आवाक्यात आलं. कापायचं ते खोडून कधीच नाही. लेयरला मास्क लावायचा. मास्कवर काळं केलं की तो भाग लपतो, पांढरं केलं की पुन्हा दिसतो. पुढे चूक सापडली तर परत येता येतं. कुर्त्याची, पायजम्याची, चपलेची कड स्पष्ट असते, ती पेन टूलनं रेघ ओढून काढावी. केसांना रेघ चालत नाही. तिथे `Select and Mask` मधल्या कडेच्या ब्रशनं केसांचं धुरकट टोक पकडायचं. केसांच्या फटींतून मागच्या भिंतीचा रंग झिरपलेला असतो. म्हणूनच त्याला फिकट भिंतीपुढे उभा केला होता. वाड्याची भिंतही फिकट पिवळट होती. दोन्ही भिंतींचा रंग जवळचा असला की केसांत राहिलेला थोडा रंग कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. हिरव्या पडद्यापुढे फोटो काढला असता तर कापणं सोपं गेलं असतं, पण पांढऱ्या कुर्त्यावर हिरवी झाक उतरली असती. आणि कड फार धारदार ठेवायची नाही. फोनच्या फोटोत कुठलीच कड वस्तऱ्यानं कापल्यासारखी नसते. जावयांच्या खांद्याची कड दोन पिक्सेलांत विरघळते, तर याचीही तेवढीच विरघळली पाहिजे.

धाकट्याला अंगणात आणून, पाय चौदा फुटांच्या रेषेवर टेकवून, ११२५ पिक्सेलचा केला. क्षितिजरेषा त्याच्या काखेच्या किंचित वर आली. जावयांच्या अंगावर ती खांद्याशी होती. तो उंच आहे, म्हणून रेघ त्याच्या अंगावर थोडी खाली कापते. हिशोब बरोबर होता. तरीही तो हवेतच तरंगत होता. पायाखाली सावली नव्हती.

बहुतेक जण इथे एक झटपट युक्ती करतात: कापलेल्या माणसाची प्रत घेतात, तिला काळ्या रंगानं भरतात, जमिनीवर आडवी लोळवतात. यात चूक अशी की सावली म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेला आकार नव्हे. सूर्याला तो माणूस जसा दिसतो तो आकार म्हणजे सावली. इथे सूर्य बराचसा डावीकडून येत होता, म्हणून त्याला धाकटा जवळजवळ बाजूनं दिसत होता: एक हात दुसऱ्यामागे झाकलेला, छाती अरुंद, नाक पुढे आलेलं. समोरून घेतलेल्या आकृतीची सावली केली तर ती रुंद, दोन्ही हात पसरलेली होते, आणि शेजारी जावयांची सावली बारीक असते. डोळ्याला हे लगेच टोचतं. सूर्याच्या जागेवरून घेतलेला तो दुसरा फोटो याच्यासाठी होता. त्यातली आकृती कापली, काळी केली, आणि फरशीच्या जाळीवर बसवली: टाचा पायाशी, डोक्याचं टोक सव्वासहा फूट उजवीकडे, तीन फूट मागे. फरशीच्या चौकोनांवरून मोजलं की यथादर्शन आपोआप सांभाळलं जातं.

पण सावली पूर्ण फरशीवर पडतच नव्हती. वाटेत साडेपाच फुटांवर तुळशीवृंदावन होतं. सावली जमिनीवरून सरकत उभ्या भिंतीला भिडली की ती चढते. वृंदावनाशी पोचेपर्यंत सावलीनं पायापासून वरची साडेचार फुटांहून थोडी जास्त उंची संपवलेली असते, उरलेले पंधरा इंच, म्हणजे डोकं, मान आणि खांद्याचा वरचा भाग, वृंदावनाच्या उभ्या पृष्ठावर उभेच दिसायला हवेत, आणि तिथे त्यांची उंची खऱ्याइतकीच, लांबवलेली नाही. म्हणून सावली दोन तुकड्यांत केली आणि सांधा बरोबर वृंदावनाच्या पायाशी ठेवला. संपूर्ण कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, आणि घरच्यांपैकी कुणाचंही तिच्याकडे लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं नाही हेच तिचं यश.

रंग. सावली काळी नसते. उन्हाचा थेट प्रकाश अडला तरी निळ्या आकाशाचा प्रकाश तिथे पोचतो, म्हणून सावली थोडी निळसर असते. किती, ते जावयांच्या सावलीला विचारलं. उन्हातल्या फरशीचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे १८२, १७६, १६५ होते. त्याच फरशीच्या सावलीतल्या भागाचे ७४, ७६, ८०. प्रत्येक रंगाचा भागाकार केला, २५५ नं गुणलं, की १०४, ११०, १२४ असा धुरकट निळा रंग आला. सावलीच्या लेयरला तो रंग भरून त्याची मिसळण्याची पद्धत `Multiply` ठेवली. मग फरशीचे डाग, सांध्यातली माती, पडलेला एक झेंडूचा पाकळा, सगळं सावलीतूनही दिसत राहिलं, नुसतं अंधारलं. जिथे धाकट्याची सावली जावयांच्या सावलीला चाटून गेली तिथे दोन सावल्यांचा दुप्पट काळोख झाला होता. तो पुसला. एका माणसानं ऊन अडवलं की दुसऱ्याला अडवायला काही उरत नाही. दुप्पट काळ्या सावल्या मी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतही पाहिल्या आहेत.

सावलीची कड सगळीकडे सारखी ठेवायची नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची चकती सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे सावली टाकणारी गोष्ट जितकी लांब, तितकी सावलीची कड विरळ. किरणाच्या वाटेवरच्या अंतराचा साधारण १०८ वा भाग एवढा धूसरपणा. चपलेपाशी कड सुरीसारखी, वृंदावनावरच्या डोक्यापाशी पाऊण इंच धूसर, म्हणजे त्या जागी दहा-अकरा पिक्सेल. पायापासून डोक्याकडे हळूहळू वाढत जाणारा हा धूसरपणा नसला तर सावली कागद कापून ठेवल्यासारखी दिसते.

आणि शेवटी ती एक रेघ, जिच्याशिवाय बाकी सगळं फुकट. चप्पल जिथे फरशीला टेकते तिथे तळाखाली एक अतिशय बारीक, जवळजवळ काळी फट असते. तिथे ऊन पोचत नाही, आकाशाचा प्रकाशही पोचत नाही. ही उन्हाची सावली नाही. ढगाळ दिवशीही ती असते. मी ती बारीक ब्रशनं हातानं काढतो, टाचेशी दोन पिक्सेल, पंजाच्या पुढे उंच होत जाणाऱ्या चपलेखाली थोडी जाड आणि फिकी. ती रेघ काढली आणि धाकटा टेकला. अक्षरशः एका क्षणात. बायको मागून बघत होती, ती म्हणाली, "आता उतरला खाली."

यानंतर जुळवाजुळव. पार्किंगचं ऊन जरा अधिक पांढरं होतं, वाड्यातलं पिवळसर. कुर्त्याच्या पांढऱ्या रंगाला आजींच्या पातळाच्या पांढऱ्याशेजारी ठेवून तोलून घेतलं. दोन फोनांची कणीदार बारीक खर वेगळी होती, म्हणून धाकट्यावर थोडी खर मिसळली. जो भाग सर्वांत काळा, म्हणजे केस आणि चपलेचा पट्टा, तो शेजाऱ्यांच्या काळ्यापेक्षा अधिक काळा नाही एवढं पाहिलं. या गोष्टी रटाळ आहेत, पण दहा मिनिटांत होतात.

फोटो छापायच्या आधी मी स्वतःच त्याची तपासणी करतो, दुसऱ्यानं केलेला जोड शोधतो तशी. उभ्या माणसांच्या डोक्यापासून त्यांच्या सावलीतल्या डोक्यापर्यंत रेघा ओढायच्या. एका सूर्याखाली उभी असलेली सगळी माणसं असतील तर या सगळ्या रेघा पुढे वाढवल्यावर एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. सूर्य कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असेल तर तो बिंदू क्षितिजाखाली येतो. अमेरिकेतले हॅनी फरीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सावल्यांच्या याच नियमावर खोटे फोटो ओळखण्याची पद्धत मांडली. जिथे सावलीची अचूक जोडी सापडत नाही तिथे "या बिंदूची सावली या दोन रेघांच्या मधे कुठेतरी" एवढ्यावरही त्यांनी हिशोब बांधला. माझ्या फोटोत धाकट्याची रेघ बाकीच्यांच्या बिंदूपासून थोडी बाजूला गेली. सावलीचं डोकं वृंदावनावर दोन इंच डावीकडे सरकवलं, बिंदू जुळला. मग क्षितिजरेषा, मग चपलांचा कोन. सगळं बरोबर.

बारा बाय अठरा इंचांची प्रत काढली, फ्रेम केली. काकू, आजी आणि जावई असे तिघंही घ्यायला आले. जावयांनी बराच वेळ फोटो निरखला आणि मान हलवली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला, फ्रेम उजेडाकडे धरली, आणि म्हणाल्या, "हा पूजेला बसलाच नव्हता की. याच्या कपाळाला गंध नाही."

खरंच. सगळ्यांच्या कपाळावर गंध होतं, बायकांच्या कपाळावर हळदीकुंकू. एकट्या धाकट्याचं कपाळ कोरडं.

अर्ध्या इंचाचं गंध, म्हणजे आठ पिक्सेल. आजींना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाइल पुन्हा उघडली.